कमी झोपेत वजन घटवताना रात्री अकराची भूक: तिचे मूळ आणि ताटातले बदल

प्रश्न : माझे वय ४३, उंची १५८ सेंमी, वजन ७२ किलो. आम्ही इंदूरला असतो. सासूबाई आजारी असल्यामुळे रात्री दोनदा तरी उठावे लागते, झोप जेमतेम पाच तास होते. चार महिन्यांपासून वजन कमी करते आहे. पहिल्या दोन महिन्यांत चार किलो उतरले, मग थांबले. सकाळी पोहे, दुपारी दोन पोळ्या, भाजी, पातळ वरण, पाचला चहा-टोस्ट, रात्री आठला फक्त सूप आणि काकडी. दिवसभर सगळे नीट असते, पण रात्री अकराला इतकी भूक लागते की सेव ठेवलेला डबा उघडतेच, आणि यांनी सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारातून काही आणले असेल तर तेही खाते. झोप वाढवणे सध्या शक्य नाही. जेवणात काय बदलू?

उत्तर :

तुम्ही दिवस इतका तपशीलवार लिहिला आहे की अडचण कुठे आहे ते त्यातच दिसते. रात्रीचे सूप आणि सकाळचे पोहे या दोन ठिकाणी बदल केला, तर अकराची भूक बऱ्याच अंशी आवाक्यात येईल असे मला वाटते. मात्र ही भूक कुठून येते हे आधी समजून घ्या, नाहीतर मी सुचवलेले बदल तुम्हाला उलटे वाटतील, कारण त्यांत रात्रीचे जेवण वाढवायला सांगितले आहे.

शरीरात भुकेचे दोन मोठे निरोप असतात. जठरातून निघणारे घ्रेलिन मेंदूला ‘खा’ म्हणते आणि चरबीच्या पेशींतून निघणारे लेप्टिन ‘साठा पुरेसा आहे’ असे कळवते. २००४ साली शिकागो विद्यापीठात १२ निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार तास अंथरुणावर राहू दिले आणि दुसऱ्या खेपेला दोन रात्री दहा तास. कमी झोपेनंतर त्यांचे लेप्टिन सुमारे १८ टक्क्यांनी खाली आले, घ्रेलिन सुमारे २८ टक्क्यांनी चढले आणि भूक जवळजवळ पाव पटीने वाढली. त्यातही गोड, खारट आणि पिष्टमय पदार्थांची ओढ सर्वांत जास्त वाढलेली दिसली. पुढे झालेल्या सगळ्याच प्रयोगांत हे दोन आकडे इतके स्पष्ट बदललेले नाहीत. स्त्रियांमध्ये घ्रेलिनपेक्षा पोट भरल्याचा निरोप मंदावणे अधिक महत्त्वाचे असू शकते, असेही काही निष्कर्ष आहेत. पण झोप तोडली की माणसे जास्त खातात, हे मात्र वारंवार दिसून आले आहे.

तुमच्या बाबतीत यावर आणखी एक थर चढला आहे. कमी खाऊन वजन उतरू लागले की लेप्टिन आपोआपच खाली येते. साठा कमी होतो आहे हे ओळखून शरीर खाण्याची आठवण करून देऊ लागते आणि हा त्याचा नेहमीचा बचाव आहे. म्हणजे खाण्यातली तूट आणि जागरण हे दोघेही एकाच बाजूने ढकलत आहेत. पहिल्या दोन महिन्यांत तुम्ही ते निभावले आणि नंतर निभावेना, याचा अर्थ तुमचा निर्धार सैल पडला असा नव्हे. चार किलो उतरल्यावर हा बचाव अधिक जोरात आला आणि जागरण तर कमी झालेच नाही.

आता रात्रीचीच वेळ का, आणि सेवच का, हे पाहू. २०१६ साली त्याच विद्यापीठात झालेल्या एका लहान प्रयोगात, खाण्यातला आनंद वाढवणारे शरीरातलेच एक रसायन चोवीस तास मोजले होते. पुरेशा झोपेनंतर ते दुपारी थोडे वाढून उतरत असे, पण चार रात्री साडेचार तासांच्या झोपेनंतर ते दुपारी अधिक वर जाऊन संध्याकाळपर्यंत वरच राहिले. त्या लोकांना, भरपेट जेवण होऊन फार वेळ झालेला नसतानाही, समोरचा चटकमटक खाऊ आवरता आला नाही. शिवाय अपुऱ्या झोपेने मेंदूचा विचार करून ‘नको’ म्हणणारा भाग सुस्तावतो आणि खाण्याच्या दृश्याने उत्तेजित होणारा भाग जास्त जागा होतो. त्यामुळे रात्री अकराला पोटाची खरी भूक आणि जिभेची ओढ या दोन गोष्टी एकत्र येतात, आणि दोघींचा उपाय वेगळा आहे.

त्या दोघींतला फरक ओळखायला मी माझ्याकडे येणाऱ्यांना एक साधी परीक्षा सांगते. अकरा वाजता स्वतःला विचारा की आत्ता कुणी मऊ मुगाची खिचडी वाढून दिली, तर मी ती खाईन का. उत्तर ‘हो, आनंदाने’ असे आले, तर ती पोटाची भूक आहे आणि तिला जेवणच द्यायला हवे. ‘खिचडी नको, सेवच हवी’ असे आले, तर ती ओढ आहे, आणि तिच्यासाठी डब्याची जागा आणि प्रसंग बदलावा लागतो. तुम्ही रात्री आठला सूप आणि काकडी घेता, म्हणजे जेमतेम नव्वद-शंभर कॅलरी. त्यामुळे तुमचे उत्तर बहुतेक रात्री ‘हो’ असेच येईल अशी माझी अटकळ आहे.

तुमच्या दिवसाचा हिशेब मी अंदाजाने मांडून पाहिला. पोहे आणि वरची सेव मिळून साडेतीनशे कॅलरी, दिवसभरात साखरेचा चहा चार कप धरला तर त्याचे अडीचशे, दुपारचे जेवण चारशे, दोन टोस्ट सव्वाशेच्या आत, रात्रीचे सूप-काकडी शंभरच्या आत. एकूण सव्वाबाराशेच्या आसपास. तुमच्या वयाला, उंचीला आणि घरातल्या हालचालीला वजन आहे तिथेच ठेवण्यासाठी साधारण साडेअठराशे कॅलरी लागतात. म्हणजे कागदावर तुमची तूट सव्वासहाशेची आहे. पण रात्रीची साठ ग्रॅम सेव, म्हणजे दोन सैल मुठी, सव्वातीनशे कॅलरी परत आणते, आणि सराफ्यातले काही घरी आलेल्या रात्री हा आकडा सहाशेपर्यंत जातो. आठवड्याची सरासरी काढली तर रात्रीचे खाणे रोजचे चारशे धरावे लागेल. सव्वासहाशेच्या तुटीतून प्रत्यक्षात सव्वादोनशेच उरतात, आणि तेही एका रात्री तीनशे, दुसऱ्या रात्री जवळजवळ शून्य, असे वरखाली होत. सेवेतल्या मिठाने दुसऱ्या दिवशी शरीरात पाणी धरले जाते, त्यामुळे काट्यावर तेवढीही घट दिसत नाही. वजन ‘थांबले’ असे वाटण्यामागे हे असावे.

या हिशेबातली दुसरी उणीव मला जास्त काळजीची वाटते. दिवसाची प्रथिने मोजली तर ती पस्तीस ग्रॅमच्या आसपास भरतात आणि त्यांतला काही भाग रात्रीच्या सेवेतून येतो. २०१० साली वजन जास्त असलेल्या दहा जणांना सारखाच कमी आहार देऊन, दोन आठवडे साडेआठ तास आणि दोन आठवडे साडेपाच तास अंथरुणावर ठेवण्यात आले होते. दोन्ही वेळा वजन सुमारे तीन किलोच घटले. पण पुरेशा झोपेत त्यातली १.४ किलो चरबी होती, आणि कमी झोपेत ती फक्त ०.६ किलो भरली. बाकीची घट मुख्यतः स्नायू आणि इतर चरबीविरहित भागाची होती, आणि कमी झोपेच्या दिवसांत भूकही जास्त होती. हा प्रयोग लहान आणि थोड्या दिवसांचा आहे हे खरे, तरी ज्याची झोप कमी आहे त्याने वजन घटवताना तूट मोठी ठेवू नये आणि प्रथिने कमी पडू देऊ नयेत, असे मी त्यावरून ठरवले आहे. प्रथिने स्नायू वाचवायला मदत करतात आणि पोट भरल्याची जाणीवही जास्त वेळ टिकवतात. तुमच्यासाठी मी वजनाच्या किलोमागे एक ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सत्तर ग्रॅमच्या जवळ, हे लक्ष्य धरले आहे.

सुरुवात सकाळपासून करा. पोहे सोडू नका. इंदूरमध्ये राहून पोहे सोडण्याचा बेत दोन आठवड्यांपलीकडे टिकलेला मी पाहिलेला नाही. त्यापेक्षा आपल्याकडे मिळतात तसे उसळ-पोहे घरी करा आणि त्यांतले प्रमाण उलटे करा. पोहे कोरडे तीस ग्रॅम, म्हणजे नेहमीच्या निम्मे, आणि मटकी कोरडी पन्नास ग्रॅम भिजवून मोड आणलेली, तिची उसळ दीड वाटीच्या आसपास होते. दोन्हींना मिळून एकच छोटा चमचा तेल. वर दोन चमचे सेव भुरभुरली तरी हरकत नाही, ती मोजून सुमारे दहा ग्रॅम असते. सोबत पाव लिटर कमी साईच्या दुधाचे दही, हवे तर रात्रभर फडक्यात टांगून घट्ट केलेले. ही न्याहारी पाचशे कॅलरींच्या जवळ जाते आणि वीस ते बावीस ग्रॅम प्रथिने देते. मोड काढणे जमले नाही त्या दिवशी मुगाची दोन धिरडी आणि पन्नास ग्रॅम पनीर घ्या, आणि अंडी चालत असतील तर दोन अंडी आणि एक पोळी. सकाळी इतके खायला नको वाटेल, कारण रात्री उशिरा सेव खाल्लेली असते. पहिले चार-पाच दिवस हे जड जाईल, मग रात्रीचे कमी झाले की सकाळची भूक परत येते.

दुपारी फारसे बदलायला नको. पोळ्या दोनच राहू द्या, फक्त थोड्या लहान. वरण मात्र पातळ नको, वाटीत चमचा टाकला तर लगेच तळाशी जाऊ नये इतके दाट हवे, त्यात तीस ग्रॅम डाळ असावी. तुमच्या आताच्या पातळ वरणात त्याच्या निम्मीच डाळ असेल.

चहाबद्दल दोन गोष्टी. पाच तास झोपलेल्या माणसाला चहा टेकू देतो, त्यामुळे तो एकदम बंद करायला मी सांगणार नाही, केला तर डोके दुखेल आणि चिडचिड होईल. दिवसाला दोन कप, साखर निम्मी, आणि दुसरा कप दुपारी तीनच्या आत, एवढेच पाळा. चहातले कॅफीन शरीरातून हळूहळू जाते. एका प्रयोगात झोपायच्या सहा तास आधी घेतलेल्या मोठ्या मात्रेनेही झोप तासाभराहून अधिक कमी झाली होती. चहाच्या कपात त्याहून पुष्कळ कमी कॅफीन असते, पण ज्याच्या हाती पाचच तास आहेत त्याने त्यातली वीस मिनिटेसुद्धा गमावू नयेत. दुसरे असे की पाचचा गोड चहा आणि टोस्ट भूक थोडा वेळ दाबून पुढे ढकलतात. त्याऐवजी साडेचार-पाचला पंचवीस ग्रॅम भाजलेले फुटाणे सालासकट आणि पेलाभर पातळ ताक घ्या.

आता रात्र. पावणेआठला खरे जेवण करा: तीस ग्रॅम तांदूळ आणि तीस ग्रॅम मुगाची डाळ यांची खिचडी, वर एक छोटा चमचा तूप, चाळीस ग्रॅम पनीर घातलेली दुधी, पालक किंवा फुलकोबीची भाजी, आणि काकडी. हे जेवण चारशेच्या आत बसते आणि सतरा ग्रॅमच्या आसपास प्रथिने देते. सूप आवडत असेल तर जेवणाआधी घ्या, जेवणाच्या जागी घेऊ नका. खिचडीऐवजी ज्वारीची एक भाकरी आणि दाट वरणही चालेल.

साडेदहाला, म्हणजे भूक नेहमी येते त्याच्या अर्धा तास आधी, कपभर गरम दूध घ्या, साखर न घालता, हळद किंवा जायफळ चालेल. लोक मला विचारतात की भूक नसताना का खायचे. ज्या वेळी तुमचा विचार थकलेला असतो त्या वेळी निर्णय घ्यायची पाळीच येऊ नये, म्हणून हा कप आधीच ठरवून ठेवायचा. हे सगळे मिळून दिवसाचे साधारण साडेपंधराशे होतात. म्हणजे तूट तीनशेची, जी आताच्या प्रत्यक्ष सव्वादोनशेपेक्षा जास्त आहे आणि रोज सारखी आहे. आठवड्याला पाव किलोच्या थोडे वर, इतक्याच घटीची अपेक्षा ठेवा. पाच तासांच्या झोपेत याहून वेगाने उतरवलेले वजन मला नको आहे, कारण त्यातले बरेचसे चरबीचे नसेल.

ज्या रात्री सासूबाईंना तीन-चार वेळा उठावे लागले आणि तुमची झोप चार तासांवर आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी तूट जवळजवळ धरूच नका. त्या दिवशी पाचच्या खाण्यात एक मुगाचे धिरडे आणि एक फळ वाढवा, म्हणजे दोनशे कॅलरी ठरवून वाढतील. चूक बहुतेक इथे होते: जागरणानंतर माणूस ‘आज हलकेच राहू’ म्हणून दुपारी कमी जेवतो आणि रात्री त्याच्या दुप्पट खातो.

ओढीचा भाग उरतो, आणि तो स्वयंपाकघरात सोडवावा लागेल. अशीच रात्रीची शुश्रूषा करणाऱ्या एका बाईंच्या घरी मी गेले होते. गॅसच्या ओट्यावर पाणी तापवायचे पातेले होते आणि त्याला चिकटून स्टीलचा उभा डबा, झाकण सैल, आत चमचा. पाणी कोमट व्हायला तीन मिनिटे लागत, आणि त्या तीन मिनिटांत उभ्या उभ्या चार-पाच चमचे पोटात जात, तेही रात्रीत दोनदा. त्यांनी खाण्याच्या नोंदीत हे कधी लिहिलेच नव्हते, कारण त्यांच्या लेखी ते खाणे नव्हतेच. आम्ही दोनच गोष्टी केल्या: कोमट पाणी थर्मासमध्ये भरून त्यांच्या सासूबाईंच्या खोलीत ठेवले, आणि सेव छोट्या पुडीत, एका पुडीत एका सकाळची, अशी वरच्या फळीवर गेली. मध्यरात्री ओट्यापाशी जाण्याचे कारणच उरले नाही. तुम्हीही रात्री दोन-अडीचच्या उठण्यात काही खाऊ नका, पाणी पुरे. सराफ्यातून काही यायचे असेल तर आठवड्यात एक दिवस ठरवा, ते रात्रीच्या जेवणासोबत ताटात वाढून खा, आणि त्या दिवशी साडेदहाचे दूध व निम्मी खिचडी वगळा. बाकीच्या दिवशी आणू नका, हे यजमानांना सांगावेच लागेल.

बदल लागू पडतो आहे की नाही, हे काट्यावर पहिल्या दोन आठवड्यांत कळत नाही. एक वही घ्या आणि रोज तीनच गोष्टी लिहा: झोपेचे तास, भूक किंवा ओढ उठल्याची वेळ, आणि खिचडीच्या परीक्षेचे उत्तर. दहाव्या दिवसाच्या सुमारास अकराचे ‘हो’ बहुतेक रात्री ‘नाही’ झालेले असावे. तसे झाले नाही, तर रात्रीच्या जेवणात अर्धी वाटी वरण वाढवा आणि पुन्हा आठवडाभर पाहा. कमरेचे माप आठवड्यातून एकदा, बेंबीच्या रेषेत, सकाळी घ्या. तीन-चार आठवड्यांत वजन सारखेच राहून कमर एक सेंटिमीटरने जरी कमी झाली, तरी काम योग्य दिशेने चालले आहे.

कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्यांना हे वेळापत्रक जसेच्या तसे लागू होत नाही. पीथमपूरहून माझ्याकडे येणाऱ्यांना मी मुख्य जेवण पाळीआधी घ्यायला सांगते आणि पहाटे तीन-चारचे खाणे लहान ठेवते. तुमची मुख्य झोप रात्रीच असल्यामुळे तुम्हाला त्याची गरज नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल, तर जेवणाच्या वेळा आणि प्रमाण बदलण्याआधी डॉक्टरांशी बोला. मूत्रपिंडाचा आजार असेल, तर प्रथिने स्वतःहून वाढवू नका.

झोप वाढवणे शक्य नाही असे तुम्ही लिहिले आहे, तरी आठवड्यातल्या दोन रात्री यजमान किंवा दुसरे कुणी सासूबाईंच्या खोलीत झोपू शकेल का, हे एकदा घरात विचारा. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, साडेसहा तासांहून कमी झोपणाऱ्या ८० जाड माणसांपैकी निम्म्यांची झोप रोज सुमारे सव्वा तासाने वाढवली होती. आहाराबद्दल त्यांना काहीही सांगितले नव्हते, तरी दुसऱ्या गटाच्या तुलनेत त्यांचे खाणे दिवसाला सुमारे २७० कॅलरींनी कमी झाले. ही जवळजवळ तुमची सगळी तूट आहे. दोन रात्रींत तेवढे होणार नाही, पण त्या दोन रात्रींनंतरच्या दिवसांची वहीतली नोंद वेगळी दिसते का, ते पाहा. आणि तशा सात तास सलग झोपलेल्या रात्रीनंतरही सकाळी डोके जड असेल, दिवसा बसल्या बसल्या डोळे मिटत असतील, किंवा तुम्ही मोठ्याने घोरता आणि मध्येच श्वास अडकल्यासारखा होतो असे घरच्यांनी सांगितले असेल, तर झोपेत श्वास थांबण्याच्या विकाराची तपासणी छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या तज्ज्ञांकडे करून घ्या. तो विकार असेल तर भुकेचे मूळ तिथेही असू शकेल आणि आधी त्याचे उपचार सुरू करावे लागतील.